स्वप्नाची तहकुबी

दिवेलागणीनंतर नखे कापू नयेत, रात्री केर काढून उंबऱ्याबाहेर टाकू नये, निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारू नये, अशा निषेधांच्या ज्या लांबलचक मालिकेने मराठी घरातील बालपण चहूबाजूंनी बंदिस्त करून ठेवलेले असते, तिच्यात एक निषेध इतरांहून निराळ्या वळणाचा आहे. तो म्हणजे वाईट स्वप्न उजाडण्यापूर्वी कोणाला सांगू नये, हा. बाकीच्या निषेधांचे कारण विचारले की ‘लक्ष्मी जाते’ ह्या सर्वव्यापी उत्तरावर आपली बोळवण होते. ह्या निषेधाचे कारण विचारण्याची मात्र सोयच नसते. कारण ‘उजाडू दे, मग सांग’ एवढे शब्द उच्चारून ते उच्चारणारी व्यक्ती कूस बदलून पुन्हा झोपी गेलेली असते, आणि प्रश्नकर्ता आपल्या स्वप्नासह अंधारात एकटाच उरलेला असतो.

परंतु किंचित विचार केला असता असे दिसून येईल की हा निषेध मुळी निषेधच नाही. स्वप्न पाहू नको, असे तो म्हणत नाही. विसरून जा, असेही म्हणत नाही. सांगू नको, असेसुद्धा म्हणत नाही. तो केवळ मुदत घालून देतो. ज्या कोणा अज्ञात आजीने हा नियम प्रथम अंमलात आणला, तिने कोणत्याही कचेरीची पायरी चढलेली नसेल, तथापि कामकाजाचे एक मर्म तिला पुरते उमगलेले होते. फिर्याद तडकाफडकी फेटाळली, तर फिर्यादी इरेला पेटून वरच्या दरबारी दाद मागतो. तीच फिर्याद सन्मानपूर्वक तहकूब केली, तर पुष्कळदा पुढल्या तारखेस तो हजरच राहत नाही.

आजीच्या आधीच्या काळात ह्या बाबतीतील उपाययोजना अधिक आक्रमक स्वरूपाची होती. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात दुःस्वप्न त्रित आप्त्य नामक व्यक्तीकडे धाडून देण्याची प्रार्थना आहे. ह्या त्रिताची संमती घेतली होती की नाही हे कळत नाही. परंतु आपल्याला नकोसे झालेले प्रकरण दूरच्या खात्याकडे वर्ग करण्याची प्रथा किती पुरातन आहे, ह्याची साक्ष त्यावरून पटते. अथर्ववेदी मंडळी त्याहून रोखठोक होती. त्यांनी दुःस्वप्न थेट शत्रूच्या नावावर चढवून टाकले. पुढे पुराणांतील स्वप्नाध्यायांनी हा सगळा व्यवहार कोष्टकात बसविला. रात्रीच्या पहिल्या प्रहरी पडलेल्या स्वप्नाचे फळ वर्षाने, दुसऱ्या प्रहरी पडलेल्याचे सहा महिन्यांनी, तिसऱ्याचे तीन महिन्यांनी, चौथ्याचे पंधरा दिवसांनी आणि ऐन अरुणोदयी पडलेल्याचे अवघ्या दहा दिवसांत. पहिल्या प्रहराची तरतूद विशेष दूरदृष्टीची म्हटली पाहिजे, कारण वर्षभरात ज्याच्या आप्तपरिवारात काहीच अशुभ घडत नाही असा मनुष्य मिळणे कठीण, आणि मिळालाच तर तो आपले स्वप्न एव्हाना विसरून गेलेला असतो.

‘पहाटेचे स्वप्न खरे होते’ ही समजूत ह्याच कोष्टकाच्या शेवटच्या रकान्यातून आपल्या घरांत उतरलेली दिसते, आणि ती सर्वस्वी पोकळ आहे असे म्हणवत नाही. शिकागो येथे 1953 साली असेरिन्स्की आणि क्लाइटमन ह्या दोघांनी असे प्रसिद्ध केले की झोपलेल्या माणसाचे डोळे रात्रीतून ठराविक वेळा मिटल्या पापण्यांआड भरभर फिरू लागतात, आणि त्या अवस्थेत त्याला जागे केले तर तो बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था साधारण दीड तासाच्या अंतराने येत राहते. रात्रीच्या आरंभी ती काही मिनिटांतच आटोपते. पहाटेकडे मात्र तिचा मुक्काम लांबत लांबत अर्ध्या तासाच्या घरात जातो. म्हणजे लांब, रंगीत, पात्रांनी गजबजलेली स्वप्ने पहाटेच्या वाट्याला येतात; आणि झोप त्याच सुमारास मोडत असल्यामुळे ती लक्षातही राहतात. रात्री साडेअकराला पडलेल्या स्वप्नाला बिचाऱ्याला खरे होण्याची संधीच मिळत नाही, कारण जे आठवत नाही ते खरे झाले तरी कोणाला कळणार?

आता ह्या पहाटेच्या घटकेला जागा झालेला मनुष्य कितपत जागा असतो, हा प्रश्न आहे. डोळे उघडले, म्हणजे सारे दप्तर उघडले, असे होत नाही. भयाची खाती रात्रपाळीला हजरच असतात. कपाळामागचा जो भाग हिशेब तपासतो, शंका काढतो आणि ‘अहो, हे शक्य तरी आहे का?’ असे विचारतो, तो मात्र सर्वांत उशिरा कामावर रुजू होतो. जाग आल्यानंतरची ही सुस्ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. कधी त्याहून रेंगाळते. शिवाय स्वप्नाच्या त्या निद्रेत मेंदूतील नॉरअ‍ॅड्रिनलिन ह्या द्रव्याचा पुरवठा जवळजवळ बंद असतो, आणि स्वप्ने स्मृतीत नीट रुजत नाहीत ह्याचे एक कारण तेच असावे असे मानतात. तात्पर्य, पहाटे चारला जागे झालेल्या माणसाजवळ भय पूर्ण वजनाचे असते, विवेक अर्ध्या वजनाचा असतो, आणि पुरावा हातातून निसटत चाललेला असतो. वाल्टर बेन्यामिन ह्या जर्मन लेखकाने 1928 साली प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात, त्याच्या देशातील लोकसमजुतीप्रमाणे स्वप्न उपाशीपोटी सांगू नये, ह्या नियमाची अशीच बाजू घेतली आहे. न्याहारीपूर्वी बोलणारा मनुष्य अद्याप झोपेच्या हद्दीतच असतो, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे सूर्य आणि त्यांच्याकडे पाव, एवढाच काय तो फरक.

ह्या अवस्थेत स्वप्न सांगितले असता नेमके काय घडते, ह्याचे एक संपूर्ण प्रकरण आमच्या घराण्यात उपलब्ध आहे. आमचे एक काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. उभ्या हयातीत कोणत्याही तक्त्यातील एकही रकाना कोरा न सोडण्याबद्दल त्यांची ख्याती होती. एके दिवशी पहाटे चारच्या सुमारास ते दचकून उठले आणि त्यांनी काकूंना हाक मारली.

“अगं, ऐकलंस का? काहीतरी पडलं. हातात.”

मूळ जबानी एवढीच. काकूंनी जर त्याच वेळी कूस बदलली असती तर हा लेख चार परिच्छेदांनी आखूड झाला असता. परंतु त्या उठून बसल्या, आणि उलटतपासणीस प्रारंभ झाला.

“काय पडलं?”

“दात असावा.”

“असावा म्हणजे? वरचा की खालचा?”

काका क्षणभर घुटमळले. स्वप्नात वर आणि खाली असा तपशील नव्हता. पण रकाना समोर आला होता.

“वरचा.”

“अगंबाई! रक्त आलं होतं?”

“आलं असणार.”

“आणि जवळ कोण होतं?”

“वाड्यातल्या चौकात होतो बहुतेक. पाठमोरं कोणीतरी...”

“चौकात म्हणजे अक्काच. अहो, पाठ फिरवून गेली ती!”

साडेचारपर्यंत, जिथे केवळ ‘काहीतरी’ आणि ‘हात’ होते, तिथे वरचा दात, रक्त, वडिलोपार्जित वाडा आणि त्यातून पाठ फिरवून चाललेली वडील बहीण, असा साग्रसंगीत पंचनामा तयार झाला. त्यातील निम्म्याहून अधिक मजकूर काकूंचा होता, परंतु खाली सही काकांची पडली; आणि हा मजकूर मी झोपेत पाहिला आहे, ह्याविषयी त्यांच्या मनात तेव्हापासून आजतागायत तिळमात्र संशय नाही.

पाचाला मिरजेस अक्कांकडे टेलिफोन गेला. पहाटे पाचला वाजणाऱ्या टेलिफोनला आपल्या समाजात एकच अर्थ असल्यामुळे अक्का अंधारात धडपडत उठल्या, वाटेतल्या तिवईवर त्यांचा अंगठा आपटला, आणि कानाला यंत्र लावताच धाकट्या भावाचा कापरा आवाज आला: “अक्का, तू बरी आहेस ना?” ह्यावर अक्कांनी जो विचार केला तो निर्दोष तर्कशास्त्राचा होता. मी बरी आहे हे मला ठाऊक आहे. तरी हा विचारतो. त्या अर्थी मला ठाऊक नसलेले काहीतरी ह्याला ठाऊक आहे. सकाळी आठला त्यांचा रक्तदाब चढला आणि मुलाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. ती वार्ता येताच काका काकूंकडे वळून एवढेच म्हणाले, “बघ!” पुराणांनी अरुणोदयीच्या स्वप्नाला दहा दिवसांची मुदत दिली आहे, टेलिफोन खात्याच्या सहकार्याने हे काम चार तासांत पार पडले.

ह्या साऱ्या चौकशीत एक प्रश्न तेवढा कोणी विचारला नाही. काकांचा वरचा एक दात गेले काही दिवस खरोखरीच हलत होता, आणि झोपेत दात खाण्याची त्यांना जुनी खोड होती. इस्रायलमधील दोन संशोधकांनी 2018 साली असे दाखविले की दात पडल्याची स्वप्ने सांगणाऱ्यांत मनोव्यथेशी असा काही संबंध आढळत नाही. जागे होताना दातांत नि हिरड्यांत जाणवणाऱ्या ताणाशी मात्र आढळतो. स्वप्नाने काकांना साध्या भाषेत कळविले होते. त्यातून अक्कांना उगाच गोवले ते काका-काकूंनी.

ह्यात काकूंचाच दोष आहे असे कोणी समजू नये. अंधारात ऐकणाऱ्याला दुसरे करण्याजोगे काही नसते. दिवा लावावा तर झोप जाते, पाणी द्यावे तर ते तांब्यात उशाशीच असते, म्हणून तो प्रश्न विचारतो, आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर स्वप्नाच्या एका भोकाला ठिगळ लागते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनी 1932 साली स्मरणावर जो ग्रंथ लिहिला, त्यात ह्याच कारभाराचा तपास आहे. अमेरिकेतील मूलनिवासींची एक चमत्कारिक, तुटक, भुताखेतांची कथा त्यांनी इंग्रज वाचकांपुढे ठेवली आणि काही वेळाने, पुन्हा काही दिवसांनी, ती आठवून लिहावयास सांगितली. प्रत्येक खेपेस कथेतील अनाकलनीय भाग गळत गेले, ओळखीचे भाग ठळक होत गेले, आणि दुवा जिथे नव्हता तिथे वाचकांनी तो पदरचा घातला. आणि हे आपण करीत आहोत ह्याचा त्यांना पत्ताही नव्हता. स्वप्न ही तर त्याहून तुटक कथा. फ्रॉइडनेही 1900 सालच्या आपल्या ग्रंथात, जागे होणारे मन विस्कळीत स्वप्नावर शेवटचा सफाईचा हात फिरवून त्याची सुसंगत गोष्ट बनविते, असे म्हटलेच होते. फ्रॉइडच्या इतर सिद्धांतांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, पण हा त्याने बहुधा एखाद्या काकूंचे निरीक्षण करून मांडला असावा.

शिवाय सांगण्याने स्मृती मुरते. स्वप्न जागेपणी घोळविले नाही तर ते थोड्याच मिनिटांत विरू लागते. एकदा शब्दांत बसविले की ते स्वप्न राहत नाही, दप्तरी दाखल झालेला कागद होतो, आणि दाखल झालेला कागद नाहीसा करणे किती दुर्घट असते हे कारकुनाला सांगावयास नको. त्याला साक्षीदारही मिळतो. मग घरात कोणाला साधे पडसे झाले तरी साक्षीदार भुवया उंचावून म्हणतो, “तुम्हाला त्या दिवशी पडलं होतं ना काहीतरी?”

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. मनातील भय दाबून ठेवल्याने ते अधिक उसळते, हे तर मानसशास्त्राने सिद्ध केले आहे. डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली काही विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार मुळीच करू नका, असे बजावून पाच मिनिटे बसविले, आणि तरी तो आलाच तर घंटा वाजवावयास सांगितले. घंटा वाजतच राहिली; आणि बंदी उठल्यावर तर अस्वलाने, आरंभापासून मोकळीक असलेल्या विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त फेऱ्या मारल्या. पुढे ह्याच वेग्नरना असेही आढळले की निजण्यापूर्वी जो विचार दडपावा तो स्वप्नात अधिक येतो. तेव्हा आजीचा नियम अस्वलाला आमंत्रण देणारा नव्हे काय?

नव्हे; आणि तिची चतुराई येथेच दिसते. ‘त्याचा विचार करू नको’ असा हुकूम तिने कधीही काढला नाही. तिने फक्त तारीख दिली. पेनसिल्व्हेनियातील बोर्कोव्हेक ह्यांनी 1983 साली, अहोरात्र चिंता करणाऱ्यांसाठी जो उपाय तपासून पाहिला, तो ह्याच धाटणीचा होता. चिंता करू नका असे त्यांनी सांगितले नाही. दिवसातून अर्धा तास, एक ठराविक वेळ आणि एक ठराविक जागा चिंतेसाठी राखून ठेवा. अवेळी चिंता आली तर ती ओळखा, ‘तुझी वेळ अमुक’ असे तिला सांगा, आणि हातातल्या कामाकडे वळा. मग ठरल्या वेळी बसून मनसोक्त काळजी करा. ज्यांनी हा नियम पाळला त्यांच्या चिंतेत घट झाली. ठरल्या वेळी मन काळजीला बसविले तरी ती दरवेळी येतेच असे नाही, आणि आलीच तर दिवसाच्या उजेडात तिची अंगकाठी बरीच लहान भरते. सूर्योदय हीच अशी राखीव वेळ. तिथवर तक्रार जिवंत आहे, तिचा अवमान झालेला नाही, म्हणून ती आरडाओरडा करीत नाही. आणि तिथवर कपाळामागचे साहेबही कचेरीत येऊन पोचलेले असतात.

ह्याचा पडताळा खुद्द काकूंच्याच बाबतीत मिळतो. त्यांनाही स्वप्ने पडतात. परंतु काकांची झोपमोड केली तर पुढे काय ऐकावे लागेल हे ठाऊक असल्यामुळे त्या नियम निष्ठेने पाळतात. सकाळी चहा गाळताना त्या म्हणतात, “आज काहीतरी वाईट पडलं होतं बाई. पाण्याचं होतं. की गाडीचं?” आणि गाळणे झटकतात. मिरजेला टेलिफोन जात नाही.

तथापि ह्या तहकुबीलाही हद्द आहे, आणि ती न पाळणे क्रूरपणाचे ठरेल. अपघात, मारहाण, अत्याचार अशा प्रसंगांतून गेलेल्या माणसाला तेच ते स्वप्न आठवड्यामागून आठवडे पडत राहते, इतके की झोपेची वेळ जवळ आली तरी धडकी भरते. ही फिर्याद मुदतबाह्य होत नाही. तिला ‘उजाडू दे’ म्हणून कितीही वाटेला लावले तरी ती दुसऱ्या रात्री हजर असते. तिथे स्वप्न मुद्दाम हाताळावेच लागते, आणि त्याची एक नेमकी रीत आहे. दिवसाउजेडी, प्रथम त्यातल्या त्यात सौम्य स्वप्न निवडून ते लिहून काढावयाचे; मग त्यात स्वतःला रुचेल तो फेरफार करावयाचा, शेवट बदलावयाचा, दार नव्हते तिथे दार काढावयाचे; आणि ही नवी आवृत्ती रोज दहा-वीस मिनिटे मनाच्या डोळ्यांपुढे आणावयाची. बॅरी क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांमध्ये ह्या रीतीने दुःस्वप्ने कमी झाल्याचे 2001 साली प्रसिद्ध केले. हे काम जाणत्या माणसाच्या मदतीने करणे बरे. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हेही सूर्योदयानंतरचेच काम आहे.

मुलांची गोष्ट आणखी निराळी. झोप लागून तासदीडतास झाला नाही तोच जे पोर किंचाळून उठते, डोळे उघडे असूनही आईला ओळखत नाही आणि सकाळी ज्याला काहीच आठवत नाही, त्याला बहुधा स्वप्न पडलेलेच नसते. ती गाढ झोपेतली अर्धवट जाग असते. त्याला हलवून ‘काय पाहिलंस?’ विचारण्यात अर्थ नाही. इजा होणार नाही एवढे पाहून पुन्हा निजू द्यावे. पहाटे रडत आलेले पोर सांगू लागल्यास मात्र त्याला सूर्योदयाची मुदत देऊ नये. जवळ घ्यावे आणि ऐकावे. वरचा की खालचा, हे तेवढे विचारू नये.

मिरज प्रकरणानंतर काकांनी नियम मान्य केला, पण नोकरीतील सवयीप्रमाणे त्यांना आधी व्याख्या हवी होती. सूर्योदय कोणता धरावयाचा? पंचांगात छापलेली वेळ एका शहराची असते. मुंबईच्या आणि नागपूरच्या सूर्योदयांत सुमारे पंचवीस मिनिटांचे अंतर पडते. खुद्द मुंबईत जूनच्या आरंभी सहाला उगवणारा सूर्य जानेवारीत सव्वासातापर्यंत उगवणे लांबवितो. म्हणजे पहाटे चारला पडलेल्या एकाच स्वरूपाच्या स्वप्नाला उन्हाळ्यात दोन तास आणि थंडीत सव्वातीन तास थांबावे लागणार, ह्यात समानता कुठे राहिली? काकूंनी हा तंटा “दूधवाला येऊन गेला की सांगा” एवढ्या निवाड्यावर मिटविला. तेव्हापासून काका उशाशी एक वही ठेवतात. डावीकडे वेळ, मध्ये विषय, उजवीकडे केलेली कार्यवाही. मधल्या रकान्यात ‘काहीतरी’, ‘पाणी’, ‘पायऱ्या, सविस्तर नंतर’ अशा नोंदी असून उजवा रकाना, त्यांच्या हयातीत प्रथमच, पानोपान कोरा पडलेला आहे. अपवाद पहिल्या पानाचा, जिथे सुवाच्य अक्षरात ‘दंतवैद्याकडे गेलो, काढला’ असे लिहून खाली सही केलेली आहे.